75 टक्के कशाचे? गाडीच्या क्लेममधला घसारा आणि टोटल लॉसचा वाद

प्रश्न: मे 2022 मध्ये 1197 सीसीची पेट्रोल कार घेतली. मे 2025 मध्ये पॉलिसी नवी केली तेव्हा आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यातली किंमत, 5,40,000 रुपये धरली होती. घसारा न कापण्याचं झिरो डेप अ‍ॅड-ऑन घेतलं नव्हतं. ऑगस्टमध्ये घाटात पुढच्या ट्रकवर गाडी आदळली. पुढचा भाग पूर्ण गेला, दोन्ही एअरबॅग उघडल्या. गॅरेजचं इस्टिमेट जीएसटीसकट 4,40,000 रुपयांचं आहे. नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरने 2,89,500 मंजूर केले. तो म्हणतो, रक्कम आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या आत बसते, म्हणून टोटल लॉस होत नाही. म्हणजे दीड लाख माझ्या खिशातून. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, टोटल लॉस केली तरी आयडीव्ही मिळणार नाही, बाजारभाव मिळेल. इस्टिमेट आणि सर्व्हेअरचा हिशेब सोबत जोडला आहे. काही करता येईल का? गॅरेजवाला काम सुरू करायची घाई करतोय.
— एक वाचक, सातारा

उत्तर: आधी गॅरेजवाल्याला थांबवा. गाडी दुरुस्त होऊन बाहेर आली की टोटल लॉसचा, म्हणजे दुरुस्तीऐवजी पूर्ण आयडीव्ही मागण्याचा मुद्दा तिथेच संपतो. मग वाद उरतो तो फक्त घसाऱ्याच्या काही हजारांचा. थांबवायचं म्हणजे नवे भाग बसवायचे नाहीत आणि पत्र्याचं काम सुरू करायचं नाही. गाडी खोलून पाहायला मात्र हरकत नाही, उलट ते करून घ्याच. त्याचं कारण पुढे येईल. गॅरेजला हे तोंडी सांगू नका. दोन ओळींचा ईमेल करा आणि त्याची प्रत विमा कंपनीला पाठवा: ‘टोटल लॉसबाबत कंपनीशी पत्रव्यवहार सुरू आहे, माझ्या लेखी संमतीशिवाय दुरुस्ती सुरू करू नये.’ गाडी अडकून पडली की काही गॅरेजं दिवसाचं पार्किंग भाडं लावतात. तो वाद उद्या निघाला, तर निर्णयाला उशीर कोणामुळे झाला हे या ईमेलच्या तारखेवरून दाखवता येतं.

आता हिशेबाकडे येऊ. घसाऱ्याचे दोन वेगळे तक्ते असतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला तक्ता आयडीव्ही ठरवण्याचा. पॉलिसी सुरू होताना गाडी किती जुनी आहे ते पाहून गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या शोरूम किमतीतून 5 ते 50 टक्के कमी करतात. तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के. ही वजावट पॉलिसी घेताना एकदाच होते आणि तुमच्या 5,40,000 मध्ये ती झालेली आहे. दुसरा तक्ता दुरुस्तीच्या वेळी बदललेल्या भागांसाठी. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांना गाडीचं वय काहीही असलं तरी 50 टक्के. फायबरग्लासला 30 टक्के. काचेला शून्य. बाकी सगळ्या भागांना वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत 5 टक्के, दोनपर्यंत 10, तीनपर्यंत 15, चारपर्यंत 25, पाचपर्यंत 35, दहापर्यंत 40 आणि त्यापुढे 50. तुमची गाडी अपघाताच्या दिवशी सव्वातीन वर्षांची होती, म्हणून 25 टक्के बरोबर आहे. (ज्यांची गाडी वयाच्या उंबरठ्यावर आहे त्यांनी सर्व्हेअरने वय कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोजलं हे जरूर पाहावं. तीन वर्षांना चार दिवस कमी असताना 25 टक्के लागले, तर धातूच्या दर लाखामागे दहा हजारांचा फटका बसतो.)

मजुरीवर घसारा नसतो. रंगकामाचा नियम मात्र वेगळा आहे, आणि तुमच्या हिशेबातली पहिली उघड चूक तिथेच आहे.

इस्टिमेटमध्ये रंगकाम एकत्रित 48,000 रुपये लिहिलं आहे. सर्व्हेअरने सरळ त्याचे निम्मे केले आणि 24,000 कापले. नियम असा नाही. 50 टक्के घसारा फक्त रंगाच्या साहित्यावर लागतो, रंगाऱ्याच्या मजुरीवर नाही. बिलात साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवली नसेल, तर एकूण रंगखर्चाच्या 25 टक्के रक्कम साहित्याची धरायची. म्हणजे 48,000 पैकी साहित्य 12,000, त्याचा निम्मा घसारा 6,000, आणि तुम्हाला मिळायला हवेत 42,000. फरक 18,000 रुपयांचा. ही चूक कंपनी सहसा पहिल्याच पत्रात मान्य करते, कारण नियम तिच्या स्वतःच्या पॉलिसीत छापलेला असतो. मात्र गॅरेजकडून रंगाचं वेगळं बिल आणताना जपून. काही गॅरेजं सुटसुटीत दिसावं म्हणून साहित्य 60 टक्के आणि मजुरी 40 टक्के दाखवतात. तसं केलंत तर तुम्हीच घसारा वाढवून घ्याल. तुमचं बिल एकत्रित आहे ते एकत्रितच राहू द्या.

दुसरी चूक भागांच्या वर्गवारीत आहे. सर्व्हेअरने 1,30,000 रुपयांचे भाग 50 टक्क्यांच्या रकान्यात टाकलेत. त्यात बंपर, ग्रिल, हेडलाइट, डॅशबोर्ड आणि दोन एअरबॅग आहेत ते ठीक. आजच्या हेडलाइटची पुढची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते, म्हणजे प्लॅस्टिकच. तिथे काचेचा शून्य घसारा मागून पत्राचं वजन घालवू नका. पण याच रकान्यात एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल (14,000) आणि पुढचे दोन सीटबेल्ट प्रीटेन्शनरसकट (22,000) घुसले आहेत. बहुधा सर्व्हेअरने ‘एअरबॅगचं सामान’ म्हणून सगळं एकत्र टाकलं. पॉलिसीत शब्द ‘एअरबॅग’ एवढाच आहे, ‘एअरबॅग यंत्रणा’ असा नाही. मॉड्यूल हा इलेक्ट्रॉनिक भाग आहे. प्रीटेन्शनरमध्ये मुख्यतः पोलादी यंत्रणा असते आणि बेल्टची पट्टी सहसा पॉलिस्टरची असते. म्हणजे नायलॉनचं निमित्तही टिकत नाही. दोन्ही ‘बाकी सर्व भाग’ या गटात येतात आणि त्यांना 25 टक्के लागायला हवेत. 36,000 वर 25 टक्क्यांचा फरक म्हणजे 9,000 रुपये. गॅरेजच्या पार्ट्स कॅटलॉगमधून या तीन भागांचे पार्ट नंबर आणि वर्णन यांची प्रिंट काढून पत्राला जोडा, कारण वाद शब्दांचा असला की कॅटलॉगमधलं नाव बरंच काम करतं. रेडिएटर मात्र सर्व्हेअरने 25 टक्क्यांत धरला आहे. त्याचा गाभा अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, तेव्हा तो विषय तुम्ही काढू नका.

तिसरी बाब मजुरीची. इस्टिमेटमध्ये 70,000, मंजूर 52,000. हा घसारा नाही, ही कपात आहे. पॉलिसी दुरुस्तीचा ‘वास्तविक आणि वाजवी खर्च’ देते, त्यामुळे मजुरी अवास्तव वाटली तर सर्व्हेअर ती कमी करू शकतो. पण का आणि कशाच्या आधारे, हे त्याने लिहायला हवं. कंपनीचा त्या गॅरेजशी कॅशलेस करार असेल तर मजुरीचे दर त्या दोघांमध्ये आधीच ठरलेले असतात, आणि त्यातला फरक तुमच्या माथी मारायला गॅरेजलाही जागा नसते. करार नसेल तर मजुरीची कामनिहाय फोड मागा: कोणतं काम, किती तास, कोणता दर. इथे पूर्ण 18,000 परत येतील असं आम्ही म्हणणार नाही. काही भाग येऊ शकतो.

मजुरीची कपात तशीच ठेवली तरी हिशेब असा बदलतो. धातूचे आणि इतर भाग 1,70,000 अधिक 36,000, म्हणजे 2,06,000. त्यातून 25 टक्के गेले की 1,54,500. प्लॅस्टिक, एअरबॅग वगैरे 94,000 चे निम्मे 47,000. काच 22,000 पूर्ण. मजुरी 52,000. रंग 42,000. बेरीज 3,17,500. 1500 सीसीपर्यंतच्या खासगी कारला सक्तीची वजावट 1,000 असते, ती काढली की 3,16,500. म्हणजे नुसत्या दोन चुका दुरुस्त करून 27,000 वाढतात. हा तुमचा पक्का दावा समजा.

आता मोठा मुद्दा. टोटल लॉसचं वाक्य 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफमधून आलं आणि बहुतेक खासगी कारच्या पॉलिसींमध्ये जसंच्या तसं आहे. तुमच्या पॉलिसीच्या मजकुरात आयडीव्हीच्या परिच्छेदाखाली ते शोधा. आशय असा: पॉलिसीच्या अटी-शर्तींच्या अधीन राहून, गाडी अपघातस्थळावरून आणण्याचा आणि/किंवा दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांहून जास्त होत असेल, तर गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस मानली जाईल. तुमच्या बाबतीत 75 टक्के म्हणजे 4,05,000.

सर्व्हेअरने या 4,05,000 शी घसारा कापल्यानंतरची रक्कम ताडून पाहिली. त्याचं बोट ‘अटी-शर्तींच्या अधीन राहून’ या शब्दांवर आहे: घसारा ही पॉलिसीची अट, म्हणून खर्चही घसारा वजा करूनच मोजायचा. कंपन्यांमध्ये हे वाचन रूढ आहे. त्यामागे साधं गणितही आहे. दुरुस्ती मंजूर केली तर कंपनीचे जातात 2,89,500. टोटल लॉस मानली तर जातात 5,39,000, आणि मोडक्या गाडीचे समजा 1,90,000 परत आले तरी निव्वळ 3,49,000. साठ हजारांचा फरक कंपनीच्या बाजूने पडतो.

तुमचं वाचन वेगळं असायला हवं आणि ते शब्दांना धरून आहे. वाक्यात ‘दुरुस्तीचा एकूण खर्च’ आहे, ‘कंपनीचं देणं’ नाही. घसाऱ्याने दुरुस्ती स्वस्त होत नाही. खर्च तोच राहतो, फक्त त्यातला काही भाग कंपनीऐवजी मालक भरतो. त्याच पॉलिसीत जिथे कंपनीच्या देण्याबद्दल बोलायचं आहे तिथे ‘वास्तविक आणि वाजवी खर्च, वजा घसारा’ असं स्पष्ट लिहिलं आहे. मसुदा करणाऱ्याला 75 टक्क्यांच्या वाक्यातही घसारा वजा करायचा असता तर तिथेही तेच शब्द वापरता आले असते. मग ‘अटी-शर्तींच्या अधीन’ कशासाठी? पॉलिसीत न बसणारी दुरुस्ती मोजू नये म्हणून: जुना गंज, आधीचा डेंट, मेकॅनिकल बिघाड, झिजलेला क्लच. या अपघाताशी संबंध नसलेला खर्च वगळायचा, एवढाच त्याचा नैसर्गिक अर्थ. विम्याच्या करारातल्या संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावायचा, हे तत्त्वही न्यायालयांत जुनं आहे.

याला जोड म्हणून एक गोष्ट पत्रात जरूर घाला. समजा याच गाडीला, याच अपघातात, झिरो डेप असतं. मग सर्व्हेअरच्या स्वतःच्या पद्धतीने रक्कम झाली असती 4,22,000 (मजुरीची कपात धरूनही) आणि गाडी टोटल लॉस ठरली असती. पत्रा तेवढाच वाकलेला, चासीला धक्का तेवढाच बसलेला, पण अ‍ॅड-ऑन घेतलं की गाडी दुरुस्तीपलीकडची आणि न घेतलं की दुरुस्त होण्याजोगी. गाडी दुरुस्त करणं परवडतं की नाही, हे मालकाने कोणता जास्तीचा प्रीमियम भरला यावरून कसं ठरेल? त्या पद्धतीतली ही विसंगती इथे उघडी पडते.

तुमच्या बाजूने आकडे भक्कम आहेत. 4,40,000 म्हणजे आयडीव्हीच्या साडेएक्याऐंशी टक्के. सर्व्हेअरची मजुरीकपात मान्य केली तरी 4,22,000, म्हणजे 78 टक्के. एखादा आकडा वर-खाली झाला म्हणून तुम्ही 75 च्या खाली जात नाही. तरीही हा दावा रंगकामासारखा हमखास नाही. विमा लोकपालासमोर तो दोन्हीकडे झुकू शकतो. म्हणून पत्रात दोन्ही मागण्या वेगळ्या मांडा: मुख्य मागणी टोटल लॉसची, ती अमान्य झाल्यास, हक्क राखून, निदान 3,16,500 आणि मजुरीकपातीची कारणं. एकीत दुसरी अडकवलीत तर पक्के 27,000 सुद्धा लांबतील.

गाडी खोलून पाहायला सांगितलं ते याच कारणासाठी. पहिलं इस्टिमेट बहुधा बाहेरून पाहून केलेलं असतं. समोरून ट्रकला धडक बसली की बंपर आणि रेडिएटरच्या मागे बरंच काही दडलेलं असतं: पुढचे लाँग मेंबर, सबफ्रेम, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग, गिअरबॉक्सचं केसिंग, वायरिंग हार्नेस. गॅरेजला पुढचा भाग सोडवून चासीची मोजणी करायला सांगा. लाँग मेंबर मोजमापाबाहेर गेले असतील आणि ओढून सरळ होण्यासारखे नसतील तर बॉडीशेल बदलावं लागतं, आणि मग खर्चाचा आकडा एवढा वाढतो की टोटल लॉसचा वाद आपोआप मिटतो. मोजणीचा कागद आणि फोटो जोडून गॅरेजकडून पूरक इस्टिमेट घ्या आणि सर्व्हेअरने पुन्हा पाहणी करावी अशी लेखी मागणी करा. खोलण्याची मजुरी किती पडेल आणि टोटल लॉस झाल्यास ती कोण देईल, हे आधी विचारून घ्या. नंतर त्यावरून हमखास भांडण होतं.

बाजारभावाचं म्हणाल, तर ते फोनवरचं बोलणं आहे आणि कंपनी ते लिहून देईल असं वाटत नाही. आयडीव्ही हाच पूर्ण पॉलिसी काळासाठी गाडीचा बाजारभाव मानायचा आणि टोटल लॉससाठी त्यातून आणखी घसारा कापायचा नाही, असं त्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं. धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं: नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने स्वतः जी किंमत मान्य करून प्रीमियम घेतला, ती नुकसान झाल्यावर तिला नाकारता येत नाही. पुढच्या वेळी फोन आला की एवढंच म्हणा, ‘हे मला ईमेलवर पाठवा.’

सक्तीच्या 1,000 रुपयांखेरीज आयडीव्हीतून एकच गोष्ट रीतसर वजा होते, ती म्हणजे मोडक्या गाडीची, म्हणजे सॅल्व्हेजची किंमत. आणि खरी फसगत पुष्कळदा इथे होते. गाडी कंपनीच्या ताब्यात दिलीत तर तुम्हाला 5,39,000 मिळायला हवेत. गाडी तुमच्याकडे ठेवलीत तर सॅल्व्हेजची बोली वजा होऊन उरलेले. कंपनी ऑनलाइन बोली मागवते, समजा सर्वांत मोठी 1,90,000 ची येते, आणि ती म्हणते: आम्ही 3,49,000 देतो, बाकीचे खरेदीदाराकडून घ्या. आठ दिवसांनी तो खरेदीदार गाडी पाहून 1,40,000 वर येतो किंवा फोनच उचलत नाही, आणि पन्नास हजारांचा खड्डा तुम्हाला पडतो. म्हणून बोलीचा कागद मागा: त्यावर बोली लावणाऱ्याचं नाव, रक्कम, बोली किती तारखेपर्यंत वैध आहे आणि ती आरसीसह आहे की आरसी रद्द करून, हे सगळं असलं पाहिजे. आरसीसह बोली नेहमी चढी असते. कंपनी आरसीसहची बोली वजा करून वर आरसी रद्द करायला सांगत असेल, तर चुकीचा आकडा कापला जातोय. सगळ्यांत स्वच्छ मार्ग म्हणजे गाडी कंपनीने घ्यावी किंवा खरेदीदाराचे पैसे तुमच्या खात्यात जमा झाल्यावरच तुम्ही गाडी सोडावी.

आता अर्जाचा क्रम. सर्व्हे रिपोर्टची प्रत आणि भागनिहाय हिशेबाचा तक्ता कंपनीकडे ईमेलने मागा. तुमच्याकडे आहे तो बहुधा फक्त सारांश. 50,000 रुपयांवरच्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो, त्याचा परवाना क्रमांक रिपोर्टवर असतो. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार सर्व्हे रिपोर्ट सर्व्हेअर नेमल्यापासून 15 दिवसांत आणि रिपोर्ट मिळाल्यावर कंपनीचा निर्णय 7 दिवसांत अपेक्षित आहे. तुमच्या तारखा याच्याशी ताडून पाहा आणि उशीर झाला असेल तर पत्रात तसं लिहा.

पत्र एका पानाचं पुरे. मजकूर साधारण असा ठेवा:

‘माझ्या क्लेमबाबत पुढील हरकती आहेत. (1) पॉलिसीतील 75 टक्क्यांची कसोटी दुरुस्तीच्या एकूण खर्चावर लावायची आहे. सर्व्हेअरने ती घसारा वजा केलेल्या रकमेवर लावली. एकूण खर्च 4,40,000, सर्व्हेअरची मजुरीकपात मान्य केली तरी 4,22,000. दोन्ही 4,05,000 हून जास्त. गाडी टोटल लॉस धरून पॉलिसीप्रमाणे आयडीव्ही द्यावी. (2) वरील मागणीचा हक्क राखून: रंगकामावर 24,000 ऐवजी 6,000 घसारा लागतो, कंट्रोल मॉड्यूल आणि सीटबेल्टला 50 ऐवजी 25 टक्के लागतो, मजुरीत 18,000 कपातीची लेखी कारणं द्यावीत. प्रत्येक मुद्द्यावर पॉलिसीतील कलमाचा उल्लेख करून उत्तर द्यावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘सर्व्हेअरच्या अहवालानुसार’ हे ठरीव उत्तर येऊ नये म्हणून ते आहे. तरी तेच उत्तर आलं, तर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार हा 2009 चा निकाल दाखवा. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नाही आणि त्याच्यापासून दूर जाता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. मात्र दूर जाण्यासाठी समोर काहीतरी ठोस लागतं. म्हणूनच मोजणीचा कागद, कॅटलॉगची प्रिंट आणि पूरक इस्टिमेट. वाद दोन-अडीच लाखांचा आहे हे पाहता, स्वतंत्र परवानाधारक सर्व्हेअरला फी देऊन त्याचं लेखी मत घेणंही परवडेल.

पत्र क्लेम विभागाला आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकाच दिवशी पाठवा. त्याचं नाव आणि ईमेल पॉलिसीतच असतं. दोन आठवड्यांत समाधान झालं नाही तर नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर नोंदवा किंवा 155255 वर फोन करा. तिथे कोणी निवाडा करत नाही, पण कंपनीला उत्तर द्यावं लागतं आणि फाइल वरच्या टेबलावर जाते.

निवाडा विमा लोकपालाकडे. सातारा पुणे कार्यालयाखाली येतं, अर्ज cioins.co.in वर करता येतो. कंपनीला लेखी तक्रार करून एक महिना उलटलेला असावा किंवा तिचं नकाराचं उत्तर आलेलं असावं, आणि त्यानंतर एक वर्षाच्या आत अर्ज व्हावा. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा 50 लाखांची. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो. उलट क्रम चालत नाही: तोच वाद ग्राहक आयोगात आधी नेलात तर लोकपाल तो घेणार नाही. आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती लोकपालाच्या सुनावणीची वाट पाहत थांबत नाही, हे लक्षात ठेवून तारीख लिहून ठेवा. तुमच्यासारख्या वादात आमचा कल आधी लोकपालाकडे जाण्याचा आहे. प्रश्न एका वाक्याच्या अर्थाचा आणि चार आकड्यांचा आहे. साक्षी-पुराव्यांचा फारसा नाही.

मधल्या काळात कंपनी ‘निदान एवढे तरी घ्या’ म्हणून 2,89,500 चं डिस्चार्ज व्हाउचर पाठवेल. सप्टेंबर 2015 च्या परिपत्रकात नियामकाने स्पष्ट केलं आहे की अशा व्हाउचरवर सही केल्याने जास्त भरपाई मागण्याचा हक्क बुडत नाही. तरी ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांखाली कोरी सही कशाला करायची? सहीशेजारी ‘हक्क राखून, हरकतीसह स्वीकारले’ असं हाताने लिहा आणि त्याचा फोटो ठेवा. अर्थात टोटल लॉस मागत असाल तर दुरुस्तीपोटीची रक्कम घेण्याआधी ती कोणत्या तत्त्वावर दिली जात आहे, हे लिहून घेतलेलं बरं.

गाडीवर कर्ज असेल तर टोटल लॉसची रक्कम आधी बँकेकडे जाते, म्हणून थकबाकीचं पत्र आताच काढून ठेवा. आणि सॅल्व्हेजवाला ‘नंतर भरतो’ म्हणून फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या मागेल, त्या करू नका. तुमची आरसी आणि चासी नंबर एखाद्या चोरीच्या गाडीवर चढला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील, कारण नोंद तुमच्याच नावावर असेल. खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि तारीख भरून झाल्यावर, पैसे खात्यात दिसल्यावर आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत हातात आल्यावरच सही करा.